कारखाना कुंडईचा, मालक पुण्याचे: दोन कंपन्यांच्या सवयी जुळवायच्या कशा

कंपनी विकत घेतली की नव्या मालकांचा एचआर विभाग पहिल्याच महिन्यात पदनामांचा तक्ता करायला घेतो. तुमचा सुपरवायझर म्हणजे आमचा सिनियर एक्झिक्युटिव्ह, तुमचा मॅनेजर म्हणजे आमचा डेप्युटी मॅनेजर, असं एका एक्सेल शीटवर दोन दिवसांत होऊन जातं. काम झाल्यासारखं वाटतं, आणि पुढची दोन वर्षं त्याचीच निस्तरानिस्तर चालते.

माझ्या मते हा तक्ता सगळ्यात शेवटी करावा. आधी निर्णय कोण घेतं ते बघायचं, मग कामाच्या वेळा, मग पदं. एखादा माणूस खरोखर काय ठरवतो हे माहीत नसताना त्याला नाव काय देणार? आणि वेळेचं म्हणाल तर गोव्यातल्या कितीतरी घरच्या कंपन्यांत महत्त्वाचं ते दुपारची वामकुक्षी आटोपून मालक परत आले की चहाबरोबर ठरतं. ती वेळ कापली तर निर्णयाची जागाच कापली जाते. म्हणून हा क्रम.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतो. ते दोन-तीन ठिकाणचे तपशील जोडून बनवलेलं आहे आणि आकडे समजायला सोपे असे धरले आहेत. फोंड्याजवळ कुंडई औद्योगिक वसाहतीत औषधांची खोकी आणि आतली माहितीपत्रकं छापणारा एक कारखाना आहे. माणसं 140, कंपनी घरची, मालकांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात. पुण्याजवळ चाकणला तोच धंदा करणाऱ्या 600 माणसांच्या कंपनीने तिचे सगळे शेअर घेतले. भाऊ दोन वर्षं सल्लागार म्हणून राहणार आहेत आणि किमतीचा काही भाग त्यांना या दोन वर्षांच्या नफ्यावर मिळायचा आहे.

करारावर सही होण्याआधी

या शेवटच्या अटीकडे वकील आणि सीए पैशांच्या नजरेने बघतात. ती सवयींचीही अट आहे. कुंडईच्या नफ्यावर भाऊंचे पैसे ठरणार असतील, तर पुण्याची सॉफ्टवेअर प्रणाली बसवायचा खर्च, पगाराच्या श्रेणी जुळवताना झालेली वाढ, पुण्याहून येणाऱ्यांचा प्रवासखर्च यांतला प्रत्येक रुपया त्यांच्या खिशातून जातो. मग ते प्रत्येक बदलाला ‘आता नको, सीझन संपू दे’ म्हणणार, आणि त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. म्हणून एकत्रीकरणाचे खर्च कोणते आणि ते नफ्याच्या हिशेबातून वगळायचे, हे करारात नावानिशी लिहून घ्या. सही झाल्यावर हे मागायला गेलात तर त्याचीही किंमत द्यावी लागते.

दुसरी गोष्ट थोडक्यात. शेअर घेतले असतील तर कायद्याच्या नजरेत कामगारांचा मालक तोच राहतो. कंपनी तीच, जुनी नेमणूकपत्रं चालू. नवं लेटरहेड आलं म्हणून सगळ्यांना नवी नेमणूकपत्रं वाटू नका. त्यात नवं पद आणि नवी वेळ छापलेली असली, तर ती पत्रं म्हणजेच सेवाशर्तींतला बदल ठरू शकतात. शेअर न घेता धंदा उचलून आपल्या कंपनीत आणला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सलग सेवा आणि आधीपेक्षा कमी नाहीत अशा अटी लेखी द्याव्याच लागतात, नाहीतर नुकसानभरपाईचा प्रश्न उभा राहतो.

निर्णयांची वही

पहिले तीन आठवडे काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. कुंडईत एकाने आणि चाकणला एकाने रोज होणारे निर्णय टिपायचे: काय ठरलं, कोणी विचारलं, हो कोण म्हणालं, किती वेळ लागला, कुठे ठरलं. शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त तोच सांगून जातो. ‘फोनवर’, ‘मशीनजवळ’, ‘चारच्या चहाला’, ‘ई-मेलवर’ असं त्यात यायला हवं. लिहिणारा माणूस हिशेबातला किंवा स्टोअरमधला निवडा. एचआरचा माणूस वही घेऊन फिरू लागला की लोक जपून बोलतात.

तीन आठवड्यांनी कुंडईच्या वहीत 64 नोंदी झाल्या. त्यांतल्या 41 निर्णयांवर शेवटचा शब्द भाऊंचा. मात्र या 41 पैकी 26 गोष्टी 25 हजार रुपयांच्या आतल्या: मशीनचा सुटा भाग, एका पाळीचा ओव्हरटाइम, कोणाची तरी रजा. चाकणच्या वहीत ठरवणारे बरेच होते, पण साध्या खरेदीलाही तीन सह्या आणि सरासरी चार दिवस.

एक नोंद जवळून बघू. डाय-कटिंग मशीनचं बेअरिंग आवाज करू लागलं, किंमत 18 हजार. कुंडईच्या फोरमनने भाऊंना फोन लावला. भाऊ म्हणाले, ‘मडगावच्या दुकानात आहे, माणूस पाठव.’ दहा मिनिटांत विषय संपला. तसाच भाग चाकणला लागला तेव्हा मागणीपत्र, तीन कोटेशनं, सही, परत सही, आणि मशीन दोन दिवस अर्ध्या वेगाने. इथपर्यंत कुंडईची पद्धत सरस दिसते. पण त्याच वहीत पुढे आणखी एक नोंद आहे. भाऊ लग्नासाठी बेळगावला गेले, फोन बंद, आणि एका गिऱ्हाईकाच्या खोक्याचा रंग मंजूर करायला कोणी धजेना. छपाई दीड दिवस थांबली. रंगाचा नमुना डोळ्यांसमोर होता, क्वालिटीच्या बाईंना तो बरोबर आहे हे कळतही होतं, पण ‘हो’ म्हणायचा अधिकार आपला आहे असं त्यांना कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणजे कुंडईत वेग भाऊंच्या फोनवर टांगलेला आणि चाकणला कागदांत अडकलेला. हे दोन्हीकडच्या लोकांनी एकाच टेबलाशी बसून, आपापल्या वह्या समोर ठेवून बघणं हा या पायरीचा खरा उपयोग आहे. ‘तुमच्याकडे शिस्त नाही’ आणि ‘तुमच्याकडे नुसती कागदपत्रं’ ही भांडणं तिथे निम्मी विरतात.

कोण, कितीपर्यंत, किती वेळात

आता वहीतल्या नोंदींचे दहा-बारा प्रकार करा आणि प्रत्येकासमोर तीनच गोष्टी लिहा: एकट्याने हो म्हणणारा कोण, आधी कोणाशी बोलायचं, नंतर कोणाला कळवायचं. चाकणची मंजुरीची यादी जशीच्या तशी कुंडईला लावू नका. ती 600 माणसांसाठी घडलेली आहे. कुंडईचा जुना कारभारही तसाच ठेवता येणार नाही, कारण दोन वर्षांनी भाऊ नसतील.

आमच्या उदाहरणात असं ठरलं. मशीन बंद पडलं किंवा पडण्याच्या बेतात असेल तर 25 हजारांपर्यंतचा भाग फोरमनने एकट्याने घ्यायचा, एकाच कोटेशनवर, आणि त्या दिवशी संध्याकाळी कळवायचं. रंगाची मंजुरी क्वालिटीच्या प्रमुखांची, रकमेचा प्रश्नच नाही. उधारीची मुदत वाढवणं मात्र पुण्याच्या फायनान्सकडे गेलं. भाऊ हे तोंडओळखीवर करायचे आणि त्यातली तीन येणी बुडीत होती.

चौथा रकाना वेळेचा, आणि तो टाकलाच पाहिजे. वरच्याने इतक्या तासांत उत्तर द्यायचं, नाही दिलं तर खालच्याने ठरवायचं आणि ते ग्राह्य धरायचं. खरेदीसाठी आम्ही कामाचे चार तास ठेवले. मोठ्या कंपनीला ही अट झोंबते. पण तिच्याविना कुंडईच्या माणसाला एवढंच दिसतं की पूर्वी दहा मिनिटांत उत्तर मिळायचं आणि आता मिळत नाही. मग तो गपचूप भाऊंना फोन लावतो.

हा फोन हीच खरी कसोटी. नव्या प्लांट हेडने व्हिडिओ मीटिंगमध्ये एखादी गोष्ट ठरवली, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मीटिंग संपताच फोरमन आवारात जाऊन भाऊंना विचारतो, ‘तसंच करू ना?’ हे थांबवायला भाऊंचा फोन तोडू नका. वीस वर्षांचं नातं परिपत्रकाने तुटत नसतं. भाऊंशी आधीच एक ठरवा: फोन घ्यायचा, ऐकून घ्यायचं, आणि यादीत ज्याचं नाव आहे त्याचं नाव घेऊन सांगायचं, ‘हे तूच ठरवायचं आहेस’ किंवा ‘हे त्यांना विचार’. मत द्यायचं नाही, बरोबर असलं तरी. भाऊंना हे जड जातं, त्यामुळे महिन्यातून एकदा त्यांना विचारा की कोणत्या गोष्टींसाठी फोन आले. ज्या प्रकाराचे फोन कमी होत नाहीत, तिथे यादीतला माणूस चुकला आहे किंवा त्याला वरून पाठबळ नाही.

वेळा: आधी तास मोजा

कुंडईचं ऑफिस सोमवार ते शनिवार, 9 ते 1 आणि 3 ते 6:30. मधले दोन तास लोक घरी जेवून, थोडं लवंडून येतात. पुण्याचं ऑफिस सोमवार ते शुक्रवार, 9 ते 6:30, जेवायला अर्धा तास. पुणेकरांच्या मते गोव्याचे लोक दुपारी झोपतात. गोवेकरांच्या मते पुण्याच्या लोकांना दोन दिवस सुट्टी. आता मोजू. कुंडई: रोज साडेसात तास गुणिले सहा, म्हणजे 45. पुणे: रोज नऊ तास गुणिले पाच, म्हणजे 45. कोणी कमी काम करत नाही. हा हिशेब पहिल्याच एकत्र बैठकीत फळ्यावर लिहून दाखवा, बरीच कुजबुज तिथेच संपते.

अडचण तासांची नसून दोन भोकांची आहे. दुपारी दीडला पुण्याहून फोन येतो आणि कुंडईत कोणी उचलत नाही. शनिवारी अकराला कुंडईतून फोन जातो आणि पुण्यात कोणी नसतं. तेव्हा सगळ्यांना एकाच वेळेत कोंबण्याऐवजी ही भोकं बुजवा. बैठका आणि मंजुऱ्यांसाठी सामाईक वेळ ठेवा: 10 ते 1 आणि 3:30 ते 5:30. कुंडईत दुपारी डिस्पॅचचा एक माणूस पाळीपाळीने थांबेल आणि त्या दिवशी तासभर आधी घरी जाईल. पुण्यात शनिवारी एक माणूस फोनवर राहील. त्याच्याकडे नुसता फोन देऊन भागत नाही, वरच्या यादीतल्या रकमेपर्यंत हो म्हणायचा अधिकारही द्या. ‘सोमवारी बघतो’ म्हणणारा शनिवारचा माणूस नसलेलाच बरा.

सुट्ट्यांचंही तसंच. पुण्याच्या यादीत 1 मे महाराष्ट्र दिन आहे, गोव्याला 19 डिसेंबरचा मुक्तिदिन हवा आणि 3 डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्तही. चवथीला तर कुंडईचा कारखाना जवळजवळ ओस पडतो. माणसं सत्तरी-डिचोलीच्या मूळ घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी परततील अशी अपेक्षाच करू नये. पुण्यात जोर विसर्जनाच्या दिवशी असतो. प्रत्येक ठिकाणी तिथलीच यादी चालू ठेवा, पण दोन्ही यादींचं एक कॅलेंडर करून नियोजन विभागाच्या भिंतीवर लावा. ऑडिट, स्टॉक मोजणी आणि मोठ्या गिऱ्हाईकाची तारीख त्या आठवड्यात पडणार नाही, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

मशीनवरच्या माणसांच्या पाळ्या

वरचं सगळं ऑफिसचं झालं. मशीनवर वामकुक्षी नाही. तिथे 7 ते 3 आणि 3 ते 11 अशा पाळ्या. पुण्याला त्या 6 ते 2 आणि 2 ते 10 हव्या आहेत, ट्रकच्या वेळेशी जुळवायला. इथे कायदा आडवा येतो, आणि तो पाळण्यात शहाणपणही आहे.

औद्योगिक विवाद कायदा, 1947 च्या कलम 9-अ प्रमाणे चौथ्या अनुसूचीतला बदल करायचा तर बाधित कामगारांना नोटीस द्यायची आणि 21 दिवसांच्या आत तो बदल लागू करायचा नाही, असा नियम होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तोच नियम कलम 40 आणि तिसऱ्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीत कामाचे तास आणि विश्रांती, रजा-सुट्ट्या, पाळ्यांतला बदल, श्रेणीनुसार वर्गीकरण, आणि चालत आलेली सवलत काढून घेणं, हे सगळं येतं. शेवटची बाब नीट वाचा. चवथीआधी मिळणारा अॅडव्हान्स, गावच्या जत्रेला अर्धी सुट्टी, फोंड्याहून येणारी कंपनीची बस, यांतलं काही नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं, म्हणून पुण्याच्या यादीत ते ‘नाहीच’ असतं आणि पहिल्याच वर्षी गळतं. भाऊंना आणि जुन्या टाइमकीपरला बसवून अशा सवलतींची यादी करा, मगच बजेट बनवा.

युनियनशी लेखी समझोता झाला तर त्या बदलासाठी वेगळी नोटीस लागत नाही. बहुतेक वेळा हाच रस्ता बरा, कारण बोलणी करताना खऱ्या अडचणी बाहेर येतात. आमच्या उदाहरणात विरोध सहाच्या पाळीला नव्हताच. वाळपईकडून येणाऱ्यांना त्या वेळेला बस नव्हती. कंपनीची बस एक तास आधी सोडायचं ठरलं आणि समझोता झाला. नोटीस द्यायचीच झाली तर ती मराठीत लावा आणि हिंदीतही, कारण मशीनवर ओडिशा-झारखंडची मुलंही असतात.

पदं: आता तक्ता काढा

कुंडईत अकरा ‘मॅनेजर’ आहेत. घरच्या कंपनीत हे असंच होतं. एखाद्या वर्षी पगार वाढवणं परवडलं नाही की भाऊ पद देत. ते पद मग लग्नाच्या बायोडेटात, गृहकर्जाच्या अर्जात, सोसायटीच्या पाटीवर जाऊन बसतं. पुण्यात मॅनेजर व्हायला पंधरा वर्षं लागतात आणि हाताखाली माणसं लागतात. या अकरांना सरसकट खाली आणलं तर ते दुखावतात. सरसकट तसंच ठेवलं तर पुण्यातले चाळीस जण विचारतात, आम्ही काय घोडं मारलं?

गाठ सोडवायची तर तीन धागे वेगळे करा. श्रेणी ही पगार आणि सोयींसाठी असते आणि ती आतल्या आत राहते. भूमिका म्हणजे तो काय ठरवतो, आणि ती वहीतून आणि यादीतून आधीच कळलेली आहे. कार्डावरचं नाव हा तिसरा धागा. श्रेणी भूमिकेवरून लावा, नावावरून नको. कार्डावरचं नाव आहे त्या माणसासाठी तसंच राहू द्या, आणि तो निवृत्त झाला किंवा बढती घेऊन हलला की त्या जागी नवं नाव सुरू करा.

अकरांतले दोघे बघा. ‘परचेस मॅनेजर’ वहीत एकदाही स्वतः ठरवताना दिसत नाहीत. कोटेशनं गोळा करतात, भाऊ निवडतात. त्यांची श्रेणी पुण्याच्या सिनियर एक्झिक्युटिव्हची होते, पगार कमी होत नाही, नाव राहतं. ‘अकाउंटंट’ मात्र बँकेशी मर्यादेबद्दल बोलतात, पीएफ, पगार, जीएसटी सगळं त्यांच्या हातात, आणि भाऊंच्या खालोखाल सगळ्यात जास्त निर्णय त्यांचे. ते पुण्याच्या मॅनेजरच्या वर बसतात. नावावरून तक्ता केला असता तर पहिले वर गेले असते आणि दुसरे वर्षभरात सोडून गेले असते. घेतलेल्या कंपनीत चांगली माणसं अशीच निसटतात.

बदलताना तीन ठिकाणी हात आखडता घ्या. औषध कंपन्यांबरोबरच्या गुणवत्ता करारांत आणि कार्यपद्धतीच्या कागदांत ‘क्वालिटी मॅनेजर’ हे पद सहीचं पद म्हणून छापलेलं असतं. ते बदललं तर प्रत्येक कागदाची नवी आवृत्ती काढून गिऱ्हाईकाला कळवावी लागते. पुढच्या ऑडिटला तफावत सापडली तर शेरा ठरलेला. कारखान्याच्या परवान्यावर भोगवटादार आणि व्यवस्थापक म्हणून नोंदवलेली नावं वेगळीच गोष्ट आहे. संचालक बदलले की ती पणजीला कारखाने व बाष्पके निरीक्षणालयात बदलून घ्यावी लागतात. तिसरं, मशीनवरच्या माणसाला ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हटलं म्हणून तो कामगार कायद्यातून बाहेर पडत नाही. तिथे काम बघतात, नाव नाही.

बिघडतंय हे कसं ओळखायचं

समाधानाच्या सर्वेक्षणात गोव्याचा माणूस ‘सगळं बरं आहे’ असंच लिहील. त्याऐवजी तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात पुन्हा एकेक आठवडा वही लिहा आणि पहिल्या वहीशेजारी ठेवा. चार तासांच्या अटीमुळे आपोआप मंजूर झालेल्या गोष्टी वाढत असतील तर पुण्याचा कोणीतरी उत्तर द्यायचं टाळतोय. त्या शून्यच असतील तर अट वापरायचं धाडस कुंडईला अजून झालेलं नाही. फोरमनने एकदा 22 हजारांचा भाग घेतला आणि त्याला ‘आधी विचारायला काय झालं होतं?’ असा एक ई-मेल गेला, की ती यादी मेली म्हणून समजा. तो ई-मेल कोणी पाठवला ते शोधा आणि त्यालाच फोरमनशी बोलायला लावा, सगळ्यांसमोर.

गिऱ्हाईकांचे ई-मेलही बघा. एक वर्षानंतरही भाऊंना प्रतीत ठेवून लिहिणारी गिऱ्हाईकं असतील, तर भाऊ कार्यालयात असतानाच त्यांना एकेकाकडे घेऊन जा आणि पुढचा माणूस समोरासमोर भेटवा. हे दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत उरका. शेवटच्या तिमाहीत भाऊंचं लक्ष हिशेबावर असतं, गिऱ्हाईकांवर नाही.